रिमोट दाबला, टीव्ही हलेना

मंडळी, गुहागरच्या एका काकूंचा रिमोट माझ्याकडे आला तो चापट्या खाऊन खाऊनच. सेल नवे घातलेले, तरी चार वेळा दाबावं तेव्हा एकदा चॅनल बदलायचा.

मी आधी मोबाईलचा कॅमेरा लावतो. रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकतो. हा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला नाही दिसला तर सेल्फीचा वापरून बघा. काकूंच्या रिमोटचा ठिपका मिणमिणता होता.

मग मीटर लावला, तो सेलला नाही, तर सेल ज्या पत्र्यांना टेकतात त्यांना. नुसता ठेवल्यावर ३.१ व्होल्ट, म्हणजे उत्तम. बटण दाबलं आणि आकडा २.२ वर आला. रिमोटच्या टोकातल्या इन्फ्रारेड दिव्याला क्षणभर जोराचा करंट लागतो, आणि स्प्रिंगवर क्षार चढलेला असला की व्होल्टेज तिथेच खर्ची पडतं. मीटर सरासरी दाखवतो, खरी घसरण याहून मोठी असते. सेल नुसता मोजून ‘चांगला आहे’ म्हणणारे इथेच फसतात.

आपल्याकडे खारी हवा, त्यात जुना सेल पाझरलेला. अल्कलाइन सेलची पांढरी बुरशीसारखी भुकटी व्हिनेगरच्या दोन थेंबांनी विरते. इअरबडने पुसायचं, मग स्पिरिटने, आणि पूर्ण वाळू द्यायचं. कोकमाचं आगळही आंबट असतं, पण त्यात मीठ! आठवड्यात स्प्रिंग पुन्हा गंजेल. आतलं निकेल उडून लोखंड दिसायला लागलं असेल तर घासून उपयोग नाही, स्प्रिंगच बदला. काकूंची बदलावी लागली नाही.

इथे एक सावधगिरी. नव्या टीव्हीचे बोलून चालवायचे रिमोट बहुतेक ब्लूटूथवर, म्हणजे रेडिओ लहरींवर चालतात. त्यांची बरीच बटणं दाबली तरी कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही, म्हणून रिमोट मेला असं ठरवू नका. चालू-बंदचं बटण मात्र त्यांतही अनेकदा इन्फ्रारेडच असतं. बोललेलं कळतंय पण टीव्ही चालू होत नाही, असं झालं तर संशय दिव्यावर किंवा टीव्हीवर तो प्रकाश पकडणाऱ्या खिडकीवर घ्या. उलट नुसता चालू-बंद होतोय आणि बाकी ठप्प, तर जोडणी नव्याने करावी लागते.

काकूंचा रिमोट आता झगझगत होता. घरी नेल्यावर फोन आला, “अरे, उभं राहून दाबलं की चालतो, बसून नाही!”

ऐकूनच उलगडा झाला. टीव्हीच्या खालच्या कडेला गडद काचेसारखी छोटी खिडकी असते, रिमोटचा प्रकाश तिथे पोचावा लागतो. मुलाने मुंबईहून आणलेला साउंडबार नेमका तिच्यासमोर ठेवला होता. उभं राहिलं की प्रकाश त्याच्यावरून जायचा. पाटावर बसलं की आडवा यायचा. रेडिओ रिमोट असता तर साउंडबारने अडला नसता. काकूंनी तो खालच्या फळीवर सरकवला, आणि ओल्या फडक्याने खिडकीवरची उदबत्तीची राखही पुसली.