बोलणं झालं, आता दोन ओळी लिहा

मंडळी, रावेर-यावल पट्ट्यात केळीचा सौदा बांधावर उभ्याउभ्याच होतो, आणि तोंडी सौदाही कायद्याने करारच असतो. 1872 च्या करार कायद्यात बहुतेक व्यवहारांना कागदाची सक्ती नाही. अडचण येते ती नंतर, कोण काय बोललं ते आठवताना. ‘रावेरच्या जाहीर भावापेक्षा 50 रुपये वर’ असं ठरलं, पण भाव कुठल्या दिवसाचा? बोलणं झालं त्या दिवसाचा, की कापणीच्या दिवसाचा? दोघंही खरं बोलत असतात आणि तरी भांडतात.

म्हणून त्याच संध्याकाळी माल घेणाऱ्या शेठला असा मेसेज जाऊ द्या:

“रामराम शेठ. आज मळ्यात आलात, बरं वाटलं. आपल्या बोलण्यावरून मी असं धरून चाललोय: नवतीचा माल, कापणीच्या दिवशीचा रावेरचा जाहीर भाव आणि वर क्विंटलला 50 रुपये. कापणी गुरुवारी, मजूर तुमचे. पैसे वजन झाल्यापासून 8 दिवसांत. दांड्याच्या वजनाच्या कटतीचं बोलणं राहिलं, ते उद्या फोनवर करू. माझ्या ऐकण्यात काही फरक पडला असेल तर सांगा. गाडी किती वाजता येईल तेवढं कळवा, मी शेतरस्ता मोकळा करून ठेवतो.”

यात ‘तुम्ही कबूल केलं होतं’ कुठेच नाही. ‘मी असं धरून चाललोय’ म्हटलं की दुरुस्ती करायला शेठला जागा राहते. जे ठरलं नाही, ते ठरलं नाही असंच लिहिलंय. बोलण्यात नसलेली एखादी अट मेसेजमध्ये हळूच घुसवली, तर संशय येणारच, आणि तो रास्त असेल. ‘पुरावा म्हणून लिहितोय’ हे वाक्य तर लिहूच नका. ते वाचून चांगला माणूसही दुखावतो.

शेवटचा गाडीचा प्रश्न मुद्दाम आहे. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे शेठने वाचलं एवढंच कळतं, होकार कळत नाही. ‘सकाळी सातला गाडी येते’ असं उत्तर आलं, तर ते बाकीचं वाचूनच दिलेलं असण्याची शक्यता मोठी. तरी भावाबद्दल स्पष्ट ‘हो’ नसेल, तर फोन करून तेवढं विचारा.

हे सगळं कापणीच्या आधी. घड उतरले की केळी थांबत नाही, आणि मग शेतकऱ्याला पडेल तो भाव घ्यावा लागतो.

काही शेठ लिहीतच नाहीत, थेट फोन लावतात. त्यात गैर काही नाही. फोन ठेवल्यावर तुम्हीच लिहा: “आत्ता म्हणालात तसं, कटती धरायची नाही. गुरुवारी सातला गाडीची वाट पाहतो.” मुनीम वेगळा असेल तर शेठला सांगून हाच मेसेज त्यालाही पाठवा, कारण हिशेबाची पट्टी तोच करतो.