गुणपत्रकावर दोन रँक, प्रवेशाला तिसरा आकडा

[दृश्य: सांगलीतलं एक सायबर कॅफे. प्रिंटरमधून नीटचं गुणपत्रक बाहेर येतं. कॅमेरा कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावर.]

वरचे गुण सगळ्यांना कळतात. घोळ सुरू होतो तो खालच्या चौकटीत. तिथे दोन आकडे आहेत. एक ऑल इंडिया रँक आणि दुसरी कॅटेगरी रँक. दुसरा आकडा नेहमीच लहान असतो, आणि लहान रँक कुणालाही आवडते. घरात, शेजारी, क्लासमध्ये तोच आकडा सांगितला जातो.

वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये हा लहान आकडा कुठेही वापरला जात नाही.

[दृश्य: पडद्यावर नमुना गुणपत्रक. नाव झाकलेलं.]

एक नमुना घेऊ. आटपाडी तालुक्यातली एक विद्यार्थिनी, समाज धनगर. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. ऑल इंडिया रँक ५०,२००. कॅटेगरी रँक, म्हणजे ओबीसीतली रँक, २२,६००.

पहिला आकडा सांगतो की देशभरात तिच्या पुढे ५०,१९९ जण आहेत. दुसरा सांगतो की ज्यांनी नीटच्या अर्जात ओबीसी लिहिलं, त्यांच्यात तिच्या पुढे २२,५९९ जण आहेत. म्हणजे कॅटेगरी रँक ही वेगळी यादी नव्हेच. देशाच्या यादीतून ओबीसीवाले वेचले, त्याच क्रमाने उभे केले आणि पुन्हा एकपासून मोजले, की तो आकडा येतो. गुण समान असतील तर आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे गुण बघून क्रम ठरतो. तो एकदाच ठरतो, देशाच्या यादीत. पुढची प्रत्येक यादी तिथूनच निघते.

[दृश्य: मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत. रुग्णालयासमोरची सकाळची गर्दी. कॅमेरा इथे निवांत थांबतो.]

मिरजेचं हे शासकीय महाविद्यालय १९६२ सालचं. साताऱ्याचं २०२१ मध्ये सुरू झालं, १०० जागांचं. साताऱ्याच्या या १०० जागा दोन दारांनी भरतात. १५ टक्के, म्हणजे १५ जागा, अखिल भारतीय कोट्याच्या. त्या दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी भरते. उरलेल्या ८५ राज्याच्या. त्या मुंबईचा सीईटी सेल भरतो.

[दृश्य: कराडला कृष्णा रुग्णालयाचा परिसर. मग सांगलीतलं भारती विद्यापीठाचं रुग्णालय.]

कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती विद्यापीठ ही दोन्ही अभिमत विद्यापीठांची महाविद्यालयं. इमारती आपल्याच जिल्ह्यांत असल्या तरी त्यांच्या एमबीबीएसच्या जागा सीईटी सेलच्या यादीत शोधून सापडणार नाहीत. तिथला प्रवेश एमसीसीकडूनच होतो. जातनिहाय आरक्षणही तिथे नाही, त्यामुळे ऑल इंडिया रँक आणि फी भरायची ऐपत एवढंच चालतं. अभिमतसाठी एमसीसीकडे अनामतच दोन लाख रुपये भरावी लागते. शासकीय कोट्याला खुल्या गटाची दहा हजार आणि आरक्षित गटाची पाच हजार.

[दृश्य: एमसीसीची वाटप यादी. बोट एकेका स्तंभावरून सरकतं.]

ही एमसीसीची वाटप यादी. सुरुवातीला रँक. पुढे कोटा, महाविद्यालय, अभ्यासक्रम, कोणत्या प्रवर्गाची जागा मिळाली ते आणि उमेदवाराचा स्वतःचा प्रवर्ग. आता एक ओळ वाचू. जागा ओबीसी, उमेदवार ओबीसी. मग रँकच्या स्तंभातला आकडा कोणता? बघणाऱ्याला साहजिकच वाटतं की ओबीसीचीच असणार. पण ती ऑल इंडिया रँक आहे. खुली जागा असो, ओबीसी असो, अनुसूचित जाती असो, या स्तंभात एकच रँक येते.

याचं कारण संगणक जागा कशा वाटतो त्यात आहे. तो देशातल्या पहिल्या क्रमांकापासून एकेकाला घेतो. त्याची पहिली पसंती बघतो. तिथे खुली जागा शिल्लक आहे? असेल तर दिली. नसेल तर त्याच महाविद्यालयात त्याच्या प्रवर्गाची जागा आहे का ते बघतो. तीही नसेल तर दुसरी पसंती. यादी संपेपर्यंत हेच. प्रवर्ग फक्त एवढंच ठरवतो की कोणती जादा दारं उघडी आहेत. रांग एकच.

[दृश्य: पुन्हा नमुना गुणपत्रक, शेजारी वाटप यादी.]

आता आपल्या विद्यार्थिनीकडे. समजा, मागच्या वर्षी एखाद्या महाविद्यालयातली शेवटची ओबीसी जागा २३,००० रँकला गेली. ती स्वतःच्या कागदावर २२,६०० बघते आणि जागा मिळणार असं धरून चालते. त्या २३,०००शी ताडायचा आकडा ५०,२०० आहे. तिचा नंबर २७,२०० क्रमांकांनी मागे आहे. अशा भरवशावर पसंतीक्रम पाच-सहा नावांवर थांबवला, तर फेरी रिकामी जाते.

खुल्या गटातही हेच घडतं, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही. अर्जात जनरल लिहिणाऱ्यालाही कॅटेगरी रँक मिळते, आणि ती म्हणजे आपली खुल्या जागांसाठीची रँक असं समजलं जातं. पण खुली जागा कुणा एका गटाची नाही. तिथे सगळेच स्पर्धेत असतात. आपल्या पुढच्या ओबीसी किंवा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला गुणवत्तेवर खुली जागा मिळते. जनरलची कॅटेगरी रँक या सगळ्यांना वगळून मोजलेली असते, म्हणून ती सगळ्यांत फसवी.

[दृश्य: इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर जेईईच्या पुस्तकांचा गठ्ठा घेतलेला मुलगा.]

हा गैरसमज कुठून येतो, तेही सांगायला हवं. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशात, जोसा या प्रवेश यंत्रणेच्या यादीत, आरक्षित जागांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या रँक खरोखरच कॅटेगरी रँक असतात. फक्त खुल्या जागांपुढे सामाईक यादीची रँक असते. मोठ्या भावाने तिथे प्रवेश घेतला असेल, तर त्याचा सल्ला त्याच्या परीक्षेपुरता बरोबर आहे. नीटला तो लागू नाही.

[दृश्य: संगणकावर सीईटी सेलचा नोंदणी अर्ज भरला जातो.]

तिसरा आकडा गुणपत्रकावर नसतोच. राज्याची रँक नीट घेणारी संस्था देत नाही. निकालानंतर सीईटी सेलच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. ज्यांनी ती केली तेवढ्यांनाच ऑल इंडिया रँकच्या क्रमाने उभं करून राज्य गुणवत्ता यादी निघते. त्यातला क्रमांक म्हणजे एसएमएल नंबर. आपल्या विद्यार्थिनीचा समजा ४,४८० आला. नोंदणी केली नसती तर नीटमध्ये कितीही चांगली रँक असून या यादीत तिचं नावच नसतं. दिल्लीची नोंदणी राज्याला चालत नाही, राज्याची दिल्लीला चालत नाही.

राज्याच्या फेऱ्या या यादीच्या क्रमाने होतात. पण एसएमएल पक्का नसतो. पुढच्या फेऱ्यांसाठी नवी नोंदणी उघडली, नवी नावं आली, की यादी पुन्हा लागते आणि नंबर खाली सरकतो. ऑल इंडिया रँक हलत नाही. म्हणून मागच्या वर्षीच्या राज्याच्या कट-ऑफशी तुलना करतानाही ऑल इंडिया रँकच ऑल इंडिया रँकशी ताडावी. गुणांची तुलना तर नकोच. २०२४ मध्ये सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशातल्या पहिल्या क्रमांकाला ६८६.

[दृश्य: आटपाडी. सेतू केंद्रासमोर रांग. टेबलावर दाखल्यांच्या फाइली.]

"दाखला केंद्राचा पाहिजे का राज्याचा, ताई?" खिडकीमागून हा प्रश्न येतो, आणि सगळा गुंता त्यातच आहे. नीटच्या अर्जात भटक्या जमाती हा पर्यायच नाही. केंद्राच्या यादीत धनगर समाज ओबीसीत येतो, राज्यात भटक्या जमाती क मध्ये. त्यामुळे एमसीसीला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो, चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा. राज्याला जातीचा दाखला, राज्याचं नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. एकाच मुलीचे दोन प्रवर्ग आणि दोन फाइली.

तिची २२,६०० ही ओबीसी रँक राज्यात तर मुळातच गैरलागू, कारण तो गट इथे तिचा नाही. भटक्या जमाती क ला राज्यात साडेतीन टक्के आरक्षण आहे. साताऱ्याच्या ८५ जागांत ढोबळमानाने तीन. त्या तीन जागा एसएमएलच्या रांगेतून या प्रवर्गातले जे आधी येतील त्यांना जातात.

[दृश्य: सातारा, राजवाडा चौक. शाळेच्या गणवेशातल्या मुली.]

मराठा समाजातल्या विद्यार्थ्यांचं गणित याहून वेगळं. राज्यात २०२४ च्या कायद्याने एसईबीसीला १० टक्के जागा आहेत, पण नीटच्या अर्जात तो रकानाच नाही. बरेच जण तिथे जनरल भरतात. त्यांच्या गुणपत्रकावरची कॅटेगरी रँक जनरलची असते, आणि राज्यातली त्यांची जागा ठरते एसएमएलवर. एकावरून दुसरा आकडा ठरत नाही.

वैधता प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर एसएमएल तोच राहतो, फक्त राखीव जागेचं दार बंद होतं आणि उमेदवार खुल्या गटात मोजला जातो.

[दृश्य: संगणकावर पसंतीक्रम भरताना. यादी खाली-खाली जाते.]

पसंतीक्रम भरायला बसताना समोर दोन कागद ठेवा. एमसीसीच्या अर्जाला ऑल इंडिया रँक आणि एमसीसीची मागच्या वर्षीची शेवटच्या फेरीपर्यंतची यादी. सीईटी सेलच्या अर्जालाही ऑल इंडिया रँक आणि राज्याची यादी, त्यातही आपल्या राज्यातल्या प्रवर्गाच्या ओळी. आवडीचं महाविद्यालय वर घ्या, मिळेल असं वाटणारं नव्हे. संगणक वरून खाली येतो आणि पहिलं जे मिळेल तिथेच थांबतो, त्यामुळे वर अवघड नाव टाकल्याने खालचं काही हातचं जात नाही. मिळण्यासारखं वर आणि आवडीचं खाली ठेवलं, तर आवडीच्या नावापर्यंत तो पोचतच नाही. एमसीसीत पहिल्या फेरीची जागा नाकारली तर अनामत जात नाही, दुसऱ्या फेरीपासून जाते.