दोन 'म्हणून'

मित्रहो, पत्रिकेत आजचा विषय भारदस्त छापला आहे: 'अलौकिक कर्त्यांवरील श्रद्धेची कॉग्निटिव्ह सायन्सने दिलेली स्पष्टीकरणे आणि त्यांचे मूल्यमापन'. कॉग्निटिव्ह सायन्स म्हणजे मन कसं चालतं याचं शास्त्र. अलौकिक कर्ते म्हणजे देव, भुतं, देवदूत, पूर्वजांचे आत्मे. ज्यांना मन आहे, इच्छा आहे, पण आपल्यासारखी शरीराची बंधनं नाहीत, असे सगळे. ही स्पष्टीकरणं निबंधात कशी तपासायची, ते सांगायचं मी कबूल केलं आहे आणि ते सांगणारच आहे. पण त्याआधी एका वाक्याबद्दल मन मोकळं करू द्या. कित्येक वर्षं ते वाक्य मला छळतंय.

धर्म-अभ्यासाच्या निबंधांचा गठ्ठा सोडला की पहिल्या-दुसऱ्या पानावर ते भेटतंच. शब्द बदलतात, सांगाडा तोच. 'गवतात सळसळ झाली की वाघ आला असे समजणारा पूर्वज वाचला, म्हणून आपला मेंदू जिथेतिथे कर्ता शोधतो, म्हणून माणूस देव मानतो.' पूर्णविराम. पुढच्या परिच्छेदात लगेच 'अशा रीतीने धर्माचे मूळ स्पष्ट झाले' असं येतं. एका विद्यार्थिनीच्या निबंधात मी त्या वाक्यातल्या दोन्ही 'म्हणून'भोवती लाल पेन्सिलीने गोल केले आणि समासात लिहिलं, 'यातला कुठला तू तपासलास?' ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, सगळी पुस्तकं असंच म्हणतात." तिचं चुकलं नव्हतं. सोपी पुस्तकं खरंच असं म्हणतात. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आधी पहिला 'म्हणून' घेऊ, तो बऱ्यापैकी भक्कम आहे. मानववंशशास्त्रज्ञ स्ट्युअर्ट गथ्री यांनी 1980 मध्ये हा विचार मांडला आणि 1993 च्या पुस्तकात तो विस्ताराने लिहिला. धूसर जागी माणूस किंवा प्राणी दिसला असं समजणं ही एक पैज आहे. जिंकलो तर फायदा मोठा, हरलो तर तोटा किरकोळ. पुढे 2000 साली मानसशास्त्रज्ञ जस्टिन बॅरेट यांनी या प्रवृत्तीला नाव दिलं. मराठीत त्याला अतिदक्ष कर्ताशोधक यंत्रणा म्हणता येईल. अभ्यासक इंग्रजी आद्याक्षरं जोडून 'हॅड' म्हणतात, मीही तेच म्हणतो.

पैजेचा हिशोब करून बघा. समजा, उगाच पळालो तर 1 रुपयाचं नुकसान आणि वाघाच्या तावडीत सापडलो तर 1000 रुपयांचं. मग वाघ असण्याची शक्यता हजारात एकापेक्षा जरा जास्त असली तरी पळणंच परवडतं. हिशोब बरोबर आहे. फक्त तो पायांचा हिशोब आहे. 'बहुतेक वाराच असेल' असं मनात पक्कं ठेवूनही मी पळू शकतो, आणि पळावंच. सावध वागणं फायद्याचं ठरलं, यावरून चुकीचं मानणं फायद्याचं ठरलं असं निघत नाही. निवड वागण्याची झाली की मानण्याची, हे निबंधात वेगळं लिहायला हवं. माझ्या हातून गेलेल्या निबंधांत ते क्वचितच लिहिलेलं असतं.

आणि हा 'म्हणून' सगळाच्या सगळा मान्य केला तरी हाती काय लागतं? वाघाची चाहूल. वाघ अलौकिक नाही.

आता एक घरची गोष्ट सांगतो. आई गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी, रात्री वीज गेलेली असताना, मी मेणबत्ती लावून निबंधच तपासत होतो. आईच्या बंद खोलीतून आवाज आला. खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. मी उठून उभाही राहिलो होतो. उठायचं ठरवलं कधी, आठवत नाही. छाती धडधडत होती. आत कुणीतरी आहे याबद्दल त्या दोन-तीन सेकंदांत मला जराही शंका नव्हती. टॉर्च घेऊन गेलो. खिडकीची एक झडप उघडी राहिली होती आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्याने हलत होतं. कॅलेंडरच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी असते ना, ती भिंतीवर घासत होती. चुन्यावर तिने बोटभर लांबीचा कमानीसारखा ओरखडा काढला होता. मी खिडकी लावली. आवाज थांबला, आणि आत कुणी असल्याची ती खात्रीही तिथल्या तिथे संपली.

मावशी तेव्हा आमच्याकडे राहायला होती. तीही आवाजाने जागी झाली होती. दारात उभी राहून म्हणाली, "ताई येऊन गेली रे." मी तिला पट्टी दाखवली, ओरखडा दाखवला, वाजवूनही दाखवलं. तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, "पट्टी वाजली हे खरंच आहे. पण इतके दिवस वाजली नाही, आजच का वाजली?" त्या दिवशी आईची तिथी होती.

या प्रसंगाचा मी फार विचार केला आहे. आवाज एकच, कान दोघांचेही माणसाचेच. 'हॅड' नावाचं जे काही असेल ते आम्हा दोघांतही त्या रात्री चाललं. माझ्यात ते टॉर्चच्या उजेडाने विझलं. आपल्याकडे दोरी आणि सापाचा दृष्टांत जुना आहे: अंधारात दोरी साप भासते, दिवा आणला की साप जातो. मावशीकडेही दिवा आला, दोरी दिसली, तिने ती मान्यही केली, तरी तिचा साप गेला नाही. कारण तो दोरीतून आलाच नव्हता. ताई कुठेतरी आहे, आपल्यावर तिचं लक्ष आहे, ही समजूत मावशीजवळ आवाजाच्या आधीपासून होती. आवाजाने तिला जागा मिळाली, इतकंच.

आणि तिचा प्रश्न भाबडा नव्हता. मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो ओळखीचा वाटेल. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी 1937 च्या त्यांच्या ग्रंथात आफ्रिकेतल्या अझांदे लोकांबद्दल लिहिलं आहे. धान्याचं कोठार कोसळतं, खाली सावलीला बसलेली माणसं जखमी होतात. खांब वाळवीने पोखरले होते हे अझांदे जाणतात. पण नेमकी हीच माणसं खाली बसलेली असताना, नेमकं तेव्हाच ते का कोसळलं, याचं उत्तर त्यांच्या लेखी जादूटोण्यात आहे. इथे डोळ्यांना किंवा कानांना फसगत झालेलीच नाही. म्हणजे 'चुकून कर्ता दिसला' या स्पष्टीकरणाच्या कक्षेत हा विश्वास बसतच नाही, आणि जगातल्या अलौकिक श्रद्धांचा मोठा भाग असाच आहे.

समोरून वेळेची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरली आहेत, तेव्हा कबूल केलेलं आता भराभर सांगतो.

माझ्या मावशीची गोष्ट हा पुरावा नाही, म्हणून दुसऱ्या 'म्हणून'ला प्रयोगांसमोर उभं करू. कर्ता शोधायची खोड श्रद्धा निर्माण करत असेल, तर ज्याला ती खोड जास्त त्याची श्रद्धा जास्त निघायला हवी. आयाना विलार्ड आणि आरा नोरेंझायान या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये अशा प्रवृत्ती आणि श्रद्धा एकत्र मोजल्या. निर्जीव गोष्टींना मानवी गुण चिकटवण्याच्या सवयीचा देवावरच्या विश्वासाशी संबंध दिसला नाही. भुताखेतांसारख्या इतर समजुतींशी दिसला. दुसरी अपेक्षा अशी की धोका वाढला की चुकीच्या चाहुली वाढाव्यात, कारण वाघाची सगळी कथा धोक्यावरच उभी आहे. 2019 मध्ये छापून आलेल्या प्रयोगांत माणसांना घाबरवून हे पाहिलं, आणि तशी वाढ सापडली नाही. त्याच वर्षी मार्क अँडरसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना डोळ्यांवर उपकरण चढवून आभासी जंगलात फिरवलं. इथे कुणीतरी भेटण्याची शक्यता दाट आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना नसलेलं कुणीतरी जास्त वेळा जाणवलं, विशेषतः जिथे नीट दिसत नव्हतं तिथे. म्हणजे बाण उलटा लागतो: अपेक्षा आधी, चाहूल नंतर. नील व्हॅन लीउवेन आणि मिखिएल फान एल्क यांनी 2019 मध्ये ही उलटी दिशा सविस्तर मांडली आहे. माणसं आधी मानतात आणि मग अनुभव शोधायला जातात.

इथे दुसऱ्या टोकाला जाऊन 'हॅड खोटं ठरलं' असं मात्र लिहू नका. हे प्रयोग आजच्या मोठ्या माणसांवरचे, तासाभराचे आहेत. प्रयोगशाळेतली भीती म्हणजे खरा वाघ नव्हे. आणि कर्ता पाहण्याची प्रवृत्ती आहे यात शंका नाही. हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी 1944 मध्ये दोन त्रिकोण आणि एका वर्तुळाची हलती फिल्म दाखवली, तेव्हा 34 पैकी एकाच व्यक्तीने तिचं वर्णन निव्वळ आकृत्यांच्या भाषेत केलं. बाकीच्यांना त्यात भांडण, पाठलाग, दांडगाई दिसली. पण त्रिकोण रागावला असं म्हणणं वेगळं, आणि त्रिकोण खरोखर आहे, तो माझं ऐकतो, असं मानून आयुष्य लावणं वेगळं. हे अंतर 'हॅड'ने भरून निघत नाही.

ते कशाने भरतं? मानववंशशास्त्रज्ञ पास्कल बॉयर म्हणतात की थोडीच जगावेगळी कल्पना लक्षात राहते: सगळं माणसासारखं, फक्त भिंतीतून आरपार जातो. ठीक. पण मग प्राचीन ग्रीकांच्या झ्यूस देवाची कल्पना तितकीच लक्षात राहते, तरी आज त्याला जवळजवळ कुणीच का भजत नाही? जर्वे आणि हेन्रिक या अभ्यासकांनी 2010 मध्ये हाच पेच मांडला. त्यांचं उत्तर असं की आपण कल्पना नुसती ऐकत नाही, ती मानणारी माणसं तिच्यासाठी काय सोसतात ते पाहतो. उपास, दान, व्रत पाहून मूल शिकतं की हे नुसतं बोलणं नाही. निबंधात म्हणून तीन प्रश्न वेगळे काढा: चाहूल का लागते, कल्पना का टिकते, ती खरी का वाटते. 'हॅड' पहिल्याचं उत्तर देतं, बॉयर दुसऱ्याचं, तिसऱ्याला समाजाकडे जावं लागतं.

आणि श्रद्धा कशी आली हे कळलं म्हणून ती खरी की खोटी हे ठरत नाही. बॅरेट स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत आणि त्यांना या सिद्धांतात अडचण वाटत नाही. ज्यांना ती वाटते त्यांनी वेगळा युक्तिवाद करावा: ही यंत्रणा देव असो वा नसो, तेच उत्तर देते का? हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, पण त्याला शेवटच्या ओळीत गुंडाळू नका.

त्या विद्यार्थिनीने निबंध पुन्हा लिहिला. 'धर्माचे मूळ स्पष्ट झाले' हा परिच्छेद तिने काढला आणि तिथे लिहिलं की स्वतःचं मत बदलायला तिला कोणता पुरावा लागेल. एकाच तऱ्हेच्या घरांत वाढणारी मुलं लहानपणीच तपासायची, कुणाला कर्ता लवकर दिसतो ते नोंदवायचं, आणि ती मोठी झाल्यावर तीच जास्त मानतात का ते पाहायचं. मानतात असं निघालं, तर दुसरा 'म्हणून' परत लिहीन, असं तिने खाली लिहिलं होतं. या वेळी मी त्याला गोल केला नाही.