कॅमेऱ्याच्या पाठीमागे काय आहे?

आजचा विषय ठरलाय तो असा: मोटारीच्या जाहिरातीचं चित्र एआयकडून काढून घ्यायचं असेल तर प्रॉम्प्ट कसा लिहावा. एक प्रॉम्प्ट मी शेवटी पडद्यावर दाखवणार आहे. पण त्याआधी एक तक्रार मांडू द्या. ती समजली नाही तर तो प्रॉम्प्ट नुसता उतरवून घेऊन उपयोग नाही.

मध्यंतरी एका बैठकीत मला एक चित्र दाखवलं. गडद लाल गाडी, डोंगरातला रस्ता, मागचा डोंगर फराट्यांत विरघळलेला. गाडी अर्थातच पळती दाखवायची होती. खोलीतल्या प्रत्येकाला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कोणालाच सांगता येईना. मग नेहमीचा उपाय सुरू झाला. प्रॉम्प्टमध्ये ‘हाय स्पीड’ घातलं, ‘डायनॅमिक’ घातलं, पुढच्या खेपेला ताशी दोनशे किलोमीटरचा आकडाही घातला. दर वेळी मागचा डोंगर आणखी पुसट होऊन यायचा आणि गाडी होती तिथेच उभी! मी म्हटलं, जरा दार मोठं करून बघू या. दारावर झाडं दिसत होती, पान न् पान मोजता येईल अशी. आणि त्या झाडांच्या वर तोच डोंगर होता, जो गाडीच्या मागे होता.

यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत. त्या मला सावकाश उलगडायच्या आहेत, कारण मोटारीची बहुतेक बनावट दिसणारी चित्रं याच दोन जागी फसतात.

पहिली चूक वेगाची. फोटोत वेग दिसत नाही, हे आधी मनात पक्कं करा. शटर उघडं असताना गाडी किती अंतर गेली, एवढंच फोटोत दिसतं. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण पावणेसतरा मीटर जाते. चाकाचा परीघ दोन मीटर धरला, तर सेकंदाला चाकाचे आठ फेरे होतात. शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडं ठेवलं, तर तेवढ्यात चाक जेमतेम तीन अंश फिरतं. आरे स्वच्छ दिसतात आणि गाडी भर रस्त्यात उभी केल्यासारखी वाटते. तेच शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं, तर चाक ४८ अंश फिरतं. पाच आऱ्यांच्या चाकात दोन आऱ्यांमधलं अंतर ७२ अंश असतं, म्हणजे आरे पुसट होतात पण ओळखू येतात. तिसावा भाग ठेवला की ९६ अंश होतात आणि आरे एकमेकांत मिसळून एक गुळगुळीत चकती तयार होते.

आता जाहिरातींचे छायाचित्रकार काय करतात ते सांगतो, मला ते फार आवडतं. गाडीलाच व्हॅक्यूम कपांनी एक लांब दांडा बसवतात, त्याच्या टोकाला कॅमेरा. याला रिग म्हणतात. इंजिनाचा थरथराट नको म्हणून ते बंद ठेवतात आणि माणसं गाडी हाताने ढकलतात, चालण्याच्या वेगाने. शटर सेकंदभर उघडं. तेवढ्यात गाडी मीटरभर सरकते, चाक अर्धा फेरा फिरतं. कॅमेरा गाडीसोबतच सरकतो, त्यामुळे गाडी सुईसारखी स्पष्ट येते आणि रस्ता फराटा होऊन जातो. दांडा नंतर चित्रातून पुसून टाकतात. पाहणाऱ्याला वाटतं, काय सुसाट गाडी आहे! प्रत्यक्षात तिला माणसं ढकलत होती.

म्हणून प्रॉम्प्टमध्ये ताशी दोनशे लिहून काही मिळत नाही. चित्र काढणारं एआय मॉडेल गणित करत नाही. ज्या वर्णनांसोबत ज्या प्रकारची छायाचित्रं त्याने पाहिली, त्या वळणावर ते जातं. ‘वेगवान’ या शब्दासोबत शर्यतीचे फोटो येतात, धूर येतो, प्रकाशाच्या रेघा येतात. त्यापेक्षा डोळ्यांना काय दिसायला हवं ते सांगा: गाडी स्पष्ट, आरे चकतीसारखे, डांबर लांब फराट्यांत. शटरचा आकडा लिहायला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबू नका. त्याचा परिणाम क्षीण असतो.

दुसरी चूक दाराची, आणि ही माझ्या जिव्हाळ्याची. गाडीचा रंग म्हणजे नुसता रंग नसतो. रंगाच्या थरावर पारदर्शक क्लिअर कोट असतो आणि तो आरशाचं काम करतो. गडद गाडीवर तर आपण बहुतांशी प्रतिबिंबच पाहत असतो. आता सांगा, गाडी बाजूने पाहताना तिचं दार कोणाकडे तोंड करून असतं? आपल्याकडे. मग त्यात गाडीच्या मागचा डोंगर कसा दिसेल? त्यात दिसायला हवं ते आपल्या पाठीमागचं, कॅमेऱ्याच्या पाठीमागचं. बॉनेटचं तसं नाही. ते आकाशाकडे पाहतं, आणि कॅमेरा खाली ठेवून तिरपं पाहिलं तर पलीकडचं क्षितिजही त्यात उतरतं. पण दार आपल्या बाजूचं.

प्रॉम्प्ट लिहिणारे सगळे गाडीच्या मागे काय आहे ते हौसेने लिहितात. आपल्या मागे काय आहे ते कोणी लिहीत नाही. मग मॉडेल ती जागा मनाला येईल तशी भरतं, आणि बहुतेकदा तोच डोंगर पुन्हा दारावर छापतं.

रस्त्याची निवड इथेच करायची असते. समजा समुद्राकाठचा रस्ता आहे, एका बाजूला खडकाचा कडा, दुसरीकडे पाणी. हौस म्हणून आपण समुद्र गाडीच्या मागे ठेवतो. त्याचा अर्थ कॅमेरा कड्याच्या बाजूला गेला. म्हणजे दारावर काय पडणार? काळा, जवळचा खडक. दार मळकट होतं, गाडीचा आकारच हरवतो. आता कॅमेरा समुद्राच्या बाजूला न्या. गाडीमागे कडा आला आणि दारासमोर मोकळं आकाश, एक सरळ क्षितिजरेषा. दाराच्या वरच्या भागात उजळ आकाश, खाली रस्त्याचा करडा रंग, आणि मधून जाणारी ती बारीक रेघ दाराचं वळण दाखवते. सूर्य मावळून थोडा वेळ झाला असेल तर आणखी चांगलं, कारण तेव्हा कुठे सूर्याचा ठिपका नसतो, सगळं आकाशच एक मोठा मऊ दिवा होतं.

आणि आता या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. कॅमेरा गाडीबरोबर पळतोय. जवळचं ते जास्त सरकतं, लांबचं जवळजवळ सरकत नाही. म्हणून गाडीमागच्या कड्याचे फराटे होणार, दारात खाली दिसणाऱ्या रस्त्याचेही होणार. पण समुद्राचं क्षितिज मैलोगणती दूर आहे, ते दारावर स्पष्टच राहणार. त्या लाल गाडीच्या दारावरची झाडं स्पष्ट होती हे चूक, कारण ती रस्त्याकडेची होती. हीच क्षितिजरेषा स्पष्ट असेल तर ते बरोबर. स्पष्ट की पुसट, हे अंतरावर ठरतं.

मला वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, तेव्हा आता भराभर. प्रॉम्प्ट पडद्यावर पाहा.

```
Side tracking shot from a camera car, level with the door handles.
Dark blue metallic sedan, body sharp, alloy spokes spun into a smooth disc.
Rock cliff behind the car smeared into long horizontal streaks; asphalt streaked the same way.
Doors reflect a bright empty dusk sky above one thin straight horizon line; below it, streaked grey road.
After sunset, soft light, low headlights.
```

पहिल्या ओळीत कॅमेरा कुठे आणि कशावर आहे ते आलं. बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. चौथी ओळ नीट वाचा. मी ‘कॅमेऱ्याच्या पाठीमागे समुद्र’ असं लिहिलेलं नाही. तसं लिहिलंत तर मॉडेल समुद्र हा शब्द उचलतं आणि तो गाडीमागे आणून ठेवतं. म्हणून पाठीमागचं जे काही आहे ते दारावर कसं दिसतं, एवढंच लिहायचं. नकाराचंही तसंच. ‘झाडं नकोत’ लिहिलं की पुष्कळदा झाडं येतात. त्याऐवजी ‘मोकळं आकाश’ लिहा. नको त्या गोष्टी सांगायला वेगळा निगेटिव्ह प्रॉम्प्ट देण्याची सोय असेल तर ‘झाडं’ हा शब्द तिथे लिहा.

लांबीबद्दल एकच. स्टेबल डिफ्युजन या चित्र काढणाऱ्या मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, घेतो, तिथे यातली शेवटची ओळ गळू शकते. त्यामुळे जे गेलं तरी चालेल ते शेवटी ठेवा. संध्याकाळ चौथ्या ओळीतही आलीच आहे.

चित्र आलं की काय तपासायचं? आधी चाक: पुढचं आणि मागचं सारखंच पुसट हवं. मग टायरखालची सावली: ती गाडीबरोबर जाते, म्हणून तिची कड टिकते, तिच्यातून जाणारं डांबर मात्र फराटलेलं असतं. रस्ता ओला असेल तर त्यातल्या गाडीच्या प्रतिबिंबालाही हेच लागू. मग दाराची मूठ आणि आरसा: त्यांचं दारावरचं प्रतिबिंब स्पष्ट हवं, कारण तेही गाडीचेच भाग. आणि फराट्यांची दिशा. गाडी सरळ बाजूने दिसत असेल तर फराटे आडवे. गाडी तिरपी, पुढून दिसत असेल तर ते रस्ता जिथे दूर जाऊन मिळतो त्या बिंदूकडे धावायला हवेत. तिरप्या गाडीमागे आडवे फराटे आले की चित्र लगेच चिकटवलेलं वाटतं, आणि मॉडेल हे वरचेवर करतं. अशा वेळी सगळं चित्र पुन्हा काढू नका. तेवढाच भाग मास्क करून, म्हणजे फक्त तोच बदलायला निवडून, तेवढ्यापुरता प्रॉम्प्ट द्या.

शेवटी मर्यादा. बाजारात विकायच्या नेमक्या मॉडेलची गाडी या रीतीने काढू नका. जाळी, दिवे, चिन्ह यांत एआय हमखास स्वतःची भर घालतं. तिथे गाडी कंपनीच्या कॅड फाइलवरून, म्हणजे तिच्या संगणकातल्या आराखड्यावरून, रेंडर करतात, आणि रस्त्याच्या जागीच चारही दिशांचा एचडीआरआय, म्हणजे भोवतालचा सगळा उजेड टिपणारा फोटो, घेऊन त्याची प्रतिबिंबं तिच्यावर पाडतात. तुम्ही रस्ता प्रॉम्प्टने काढणार असाल तर तो एचडीआरआय तुमच्याकडे नसतो. तेव्हा रेंडर करणाऱ्याला रस्त्याच्या चित्रासोबत कॅमेऱ्याच्या पाठीमागचं दृश्यही वेगळं काढून द्या, त्याच उजेडातलं, त्याच क्षितिजाच्या उंचीवरचं. नाहीतर तो स्टुडिओतले दिवे गाडीवर पाडेल, आणि समुद्राकाठच्या गाडीच्या दारावर छताचा लांब पांढरा दिवा दिसेल.