20 फुटी कंटेनरमध्ये बॉक्स नेमके किती बसतात?

नमस्कार. तासगावचा बेदाणा न्हावा-शेवाहून परदेशी निघालाय असं समजू. बॉक्स बाहेरून 40 बाय 30 आणि उंची 16 सेंटिमीटर, भरलेलं वजन 13 किलो. 20 फुटी कंटेनर आतून साधारण 590 लांब, 235 रुंद, 239 उंच. घनफळाला घनफळाने भागलं की उत्तर येतं 1726. या आकड्यावर कोणाला भाव देऊ नका, कारण बॉक्स कापून बसवता येत नाहीत.

आधी तळ बघा. सगळे बॉक्स लांबीला 40 ठेवले तर 14 गुणिले 7, म्हणजे 98. आता पाच रांगा फिरवा: 40ची बाजू रुंदीला. अशा प्रत्येक रांगेत 19 बसतात. उरलेल्या जागेत 30 रुंदीची एक रांग, तिच्यात 14. झाले 109! पण रुंदीत फक्त 5 सेंटिमीटर मोकळे राहिले. भरल्यावर प्रत्येक बॉक्स सेंटिमीटरभर फुगला, तर सहा बॉक्स मिळून 236 होतात आणि सहावी रांग आत जात नाही. म्हणून माप रिकाम्या बॉक्सचं नाही, भरून टेप मारलेल्या बॉक्सचं घ्या.

उंचीत 14 थर बसतात, म्हणजे 1526 बॉक्स. इथेच बहुतेक जण थांबतात आणि तळाचे बॉक्स चेपतात. 14 थरांत सगळ्यात खालच्यावर 13 बॉक्स, 169 किलो. बॉक्सवाल्याच्या दाब-चाचणीत 500 किलो आले असले, तरी ती चाचणी कोरड्या खोलीत, काही मिनिटांची असते. समुद्रात दमट हवा, हादरे आणि कित्येक दिवस. म्हणून आपण चारने भागू: 125 किलो. वर नऊच बॉक्स, एकूण 10 थर, 1090 बॉक्स. तेही कोपऱ्यावर कोपरा ठेवला तर. भार कोपरेच पेलतात; विटांसारखी सांधेमोड केली की ताकद खूप घटते.

आता पॅलेट. 120 बाय 100च्या पॅलेटवर एका थरात 10 बॉक्स तंतोतंत बसतात: 40 लांबीला ठेवून तीन-तीनच्या दोन ओळी, आणि फिरवून चारची एक. बॉक्स काठाबाहेर आला तर कोपरा हवेत राहतो, तसं नको. पॅलेट सरळ रांगेत लावले तर 9 बसतात. चार-चारचे दोन चक्राकार गट आणि दाराशी दोन असे लावले तर 10. दहा थरांनी 1000 बॉक्स. पॅलेटसकट उंची 175, दाराची 228, फोर्कलिफ्टला उचलायला पुरेशी जागा.

म्हणजे सुट्या भरतीपेक्षा फक्त 90 कमी. बॉक्स मजबूत असते, 14 थर चालले असते, तर पॅलेटचा तोटा मोठा दिसला असता. त्यासाठी मात्र चाचणीत 676 किलो लागतील, म्हणजे जाड कागदाचा खर्च आला. लाकडी पॅलेटवर निर्यातीचा आयएसपीएम 15 शिक्का, म्हणजे लाकडातली कीड मारल्याची खूण, पाहून घ्या, आणि दाराकडच्या शेवटच्या रांगेला पट्टा बांधा, नाहीतर दार उघडताच माल अंगावर येतो.