आजोबाचं नाव नातवाला: एक सोय आणि तिची किंमत

(तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, राम राम.

माझी ओळख करून देताना आत्ता सांगितलं गेलं की, मी या वाचनालयाला १९५० साली अकरा रुपये देणगी दिली होती. टाळ्याही वाजल्या. माझा जन्म १९६२ चा आहे. दाराशेजारच्या देणगीदारांच्या फळीवर ‘नारायण दगडू’ असं जे नाव आहे, ते माझ्या आजोबांचं. मीही नारायण दगडू. आडनाव सांगत नाही, कारण अर्ध्या तालुक्याचं तेच आहे आणि त्याने काही उलगडा होत नाही. ओळख करून देणाऱ्या सरांना मी दोष देत नाही. उलट त्यांचे आभार मानतो, माझ्या व्याख्यानाची पहिली दहा मिनिटं त्यांनी वाचवली.

ती दहा मिनिटं आता मी दुसरीकडे उधळणार आहे.

आपल्याकडे आजोबा गेल्यावर घरात पहिला मुलगा झाला की म्हणतात, ‘आबा परत आले.’ मग नाव काय ठेवायचं हा प्रश्नच उरत नाही. ही चाल आजची नाही. पतंजलीने महाभाष्यात मुलाचं नाव कसं असावं ते सांगताना ‘त्रिपुरुषानूक’ असा शब्द वापरलाय, म्हणजे वरच्या तीन पिढ्यांतल्या पुरुषांना धरून असणारं. गुप्त राजांत पहिला चंद्रगुप्त, त्याचा समुद्रगुप्त, त्याचा पुन्हा चंद्रगुप्त. फार लांब कशाला, पेशव्यांकडे बघा. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव, आणि बाजीरावांचे पुन्हा बाळाजी, ज्यांना आपण नानासाहेब म्हणतो. इथे एक गंमत लक्षात घ्या. आजोबा बाळाजी विश्वनाथ आणि नातू बाळाजी बाजीराव. नाव एकच, पण मधलं बापाचं नाव वेगळं, म्हणून घोटाळा नाही. पुढे बाजीराव बल्लाळ आणि बाजीराव रघुनाथ, तेच. आपली तीन पदी नावाची पद्धत एवढा भार आरामात उचलते.

ती मोडते केव्हा? चाल ओळीने दोन पिढ्या पाळली की. माझे पणजोबा दगडू. त्यांचा मुलगा नारायण. नारायणाच्या मुलाला आजोबाचं नाव दिलं, दगडू. दगडूच्या मुलाला आजोबाचं नाव दिलं, नारायण, तो मी. आता पूर्ण नावं लिहा. आजोबा नारायण दगडू, वडील दगडू नारायण, मी नारायण दगडू. बापाच्या नावाने जे कुलूप लागत होतं, ते दुसऱ्या फेऱ्यात आपोआप उघडलं.

घरात मात्र कधीच घोटाळा झाला नाही. का, ते ऐका. माझ्या आजीला, आम्ही तिला मोठी माय म्हणायचो, नवऱ्याचं नाव घेता येत नव्हतं. माझ्या आईला सासऱ्याचं नाव घेता येत नव्हतं. वडिलांच्या तोंडी बापाचं नाव येणं शक्य नव्हतं, आणि त्या नावाने मला दोन शिव्या घालणं तर मुळीच नाही. म्हणजे ज्या तिघांनी हौसेने नाव ठेवलं, त्या तिघांनाही ते उच्चारता येईना. मी झालो बापू. आई चिडली की, ‘बापू, कुठे तडफडलास?’ जास्त चिडली तर ‘बापूसाहेब’. ‘नारायण’ हे नाव घरात एकटी थोरली आत्याच घेई. ती आजोबांची लाडकी. बारशाला माझ्या कानात नाव सांगितलं तेही तिनेच, तो तिचा मान. हिला विसरू नका, ही पुन्हा येणार आहे.

देवाधर्मातही बंदोबस्त आहे. आखाजीला आमच्याकडे घागर भरतात आणि उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवून एकेका पितराचं नाव घेतात. मी म्हणतो, दगडू, नारायण, दगडू. एकदा शेजारचं पोरगं म्हणालं, ‘काका, एक नाव दोनदा झालं.’ झालं नाही बाबा, होते दोघे. श्राद्धात तर भटजी बापाला वसुरूप, आजोबांना रुद्ररूप आणि पणजोबांना आदित्यरूप म्हणतात, त्यामुळे दोन्ही दगडू आपापल्या पिंडावर बरोबर पोचतात. पितरांच्या दप्तरात पिढीचा रकाना आहे. सातबाऱ्यावर नाही. त्यावर ना वय, ना जन्मसाल.

आता माझी रडकथा. मी चौतीस वर्षं तलाठी म्हणून काढली, तेव्हा हे सांगताना मला लाज वाटायला हवी, पण आता निवृत्त आहे.

आजोबांनी १९४८ साली सहा एकर काळी जमीन खरेदीखताने घेतली. ते १९६१ मध्ये वारले. मागे आजी, एक मुलगा म्हणजे माझे वडील, आणि दोन मुली. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, म्हणजे आजोबांच्या स्वतःच्या कमाईच्या जमिनीत या चौघांचाही सारखा हक्क लागला होता. वडिलांनी वारसनोंद करायला हवी होती. ते करू करू म्हणत राहिले, तोवर पुढच्या वर्षी मी झालो. मग ते म्हणाले, ‘नारायण दगडूच्या नावावर आहे ना, राहू द्या. नाव घरातच आहे.’ यात लबाडी नव्हती. आळस होता, आणि त्या आळसाला नावाने निवारा दिला.

१९८३ साली मी एकवीस वर्षांचा. सोसायटीत पीककर्ज मागितलं. सचिवांनी सातबारा बघितला, माझं नाव बघितलं, दोन्ही जुळले, कर्ज मिळालं. मलाही खरंच वाटायचं की जमीन माझी. पुढे मी तलाठी झालो आणि दुसऱ्यांच्या वारसनोंदी इमानेइतबारे करू लागलो. १९९४ साली वडील गेले. त्यांची वारसनोंद करायला म्हणून खातं बघायला गेलो, तर दगडू नारायण या नावाचं खातंच नाही. माणूस जन्मभर ज्या जमिनीत राबला, तिच्या कागदावर त्याचं नाव एक दिवसही आलेलं नव्हतं. आजोबावरून नाव थेट नातवावर उडी मारून गेलं होतं, तेही कुठलीही नोंद न होता.

हे ओळखायचं कसं, तेवढं एक आज घरी घेऊन जा. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. तो धरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, काढायची आणि त्या नोंदीची तारीख बघायची. मी बघितली. १९४८. म्हणजे जन्माच्या चौदा वर्षं आधी मी जमीन खरेदी केली होती. तारीख जन्माच्या आधीची असेल तर तो नारायण तुम्ही नव्हे. (जन्मतारीख कुठली धरायची हा पुढचा विनोद. आमच्या पिढीत शाळेत घालताना हेडमास्तर एक जून टाकायचे. या सभागृहात एक जूनवाले किती? हात वर करा. बघा! पण साल सहसा दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त चुकत नाही, आणि आजोबा-नातवात पन्नासेक वर्षं असतात, तेव्हा आपलं भागतं.)

मग मी अर्ज केला. मयत खातेदार नारायण दगडू, अर्जदार नारायण दगडू. कचेरी कुठली ते विचारू नका, माझ्याच खात्यातली होती. कारकून म्हणाला, ‘भाऊसाहेब, मयताने स्वतः अर्ज केल्याचं पहिल्यांदाच बघतोय.’ हसलो दोघेही. पण वारसनोंद झाल्यावर मयताच्या नावाला कंस पडतो आणि खाली वारसांची नावं येतात. कंसात नारायण दगडू आणि खाली आई, दोन्ही आत्या आणि नारायण दगडू. पुढे उतारा पुन्हा लिहिताना कुणाला तरी वाटलं, हे नाव चुकून दोनदा आलंय. त्याने खालचं उडवलं. म्हणजे मेलेला कंसात राहिला आणि जिवंत गायब. महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती म्हणून मी अर्ज दिला आणि ते नाव परत यायला दोन वर्षं गेली. मी, जो स्वतः...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. उपाय सांगायचे कबूल केले होते, ते आता पळत पळत सांगतो.

एक, घरात माणूस गेला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या. उशीर झाला तरी द्या, नोंद होते. अर्जात नुसतं नाव नको. ‘मयत नारायण दगडू, मृत्यू १९६१, अर्जदार नारायण दगडू, जन्म १९६२, मयताचा नातू’ असं वाक्यच लिहा, मृत्यूचा दाखला जोडा आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात प्रत्येकापुढे साल टाका. नंतर उतारा काढून स्वतः वाचा. कंसात कोण आणि खाली कोण, ते बोट ठेवून.

दुसरं, ‘मोठा नारायण’, ‘धाकटा नारायण’ असलं काही कागदावर आणू नका. धाकटा कधीतरी मोठा होतोच. आणि घरातलं ‘बापू’ घरातच ठेवा. शाळेच्या दाखल्यावर बापू, जन्मनोंदीत नारायण आणि मग जन्मभर ‘उर्फ’, अशी माणसं मी चिक्कार पाहिली. जन्माची नोंद एकवीस दिवसांत होते, बाळाचं नाव मात्र नंतरही घालता येतं. वर्षभर शुल्काशिवाय आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा नाव ठरत नसेल तर भांडा, पण भलतंच लिहून देऊ नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तिला एकच मिनिट उरलंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम आला. लोक याकडे आईच्या मानाचा प्रश्न म्हणून बघतात, तो आहेच. मला तलाठी म्हणून त्यात दुसरंच दिसलं. आजोबांची आई आणि नातवाची आई सहसा एका नावाच्या नसतात. बापाच्या नावाचं जे कुलूप दुसऱ्या फेऱ्यात उघडतं, ते आईच्या नावाने पुन्हा लागलं. माझ्या वेळी हे असतं, तर सोसायटीचे सचिव १९८३ सालीच थबकले असते.

थोरल्या आत्याचं राहिलं. वारसनोंदीची नोटीस घेऊन मी स्वतः पारोळ्याला गेलो. ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं, की तुझा हिस्सा तेहतीस वर्षं माझ्या नावाखाली दबून होता. ती शेंगा निवडत होती. सूप बाजूला ठेवलं, नोटीस हातात घेतली, वाचता येत नव्हती तरी उलटीसुलटी बघितली आणि म्हणाली, ‘तुन्हं नाव मी ठेवं, आते मन्हं नाव तू लाव.’ आणि अंगठा पुढे केला.