एककाचे रूपांतर एकदाच: हायड्रोजन क्लोराइडच्या बंधाचे गणित

[दृश्य: फळा, जवळून]

फळ्यावर एकच प्रश्न लिहिला आहे. हायड्रोजन क्लोराइड वायूच्या अवरक्त वर्णपटातील शोषणपट्ट्याचे केंद्र २८८६ प्रति सेंटीमीटर या तरंगांकावर येते, तर हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्यामधील बंधाचा बलस्थिरांक किती? तक्त्यात दोन्ही अणूंची वस्तुमाने दिलेली आहेत, परंतु ती अणुवस्तुमान एककात, म्हणजे u मध्ये आहेत. उत्तर मात्र न्यूटन प्रति मीटरमध्ये हवे आणि न्यूटनच्या व्याख्येत किलोग्रॅम येतो, म्हणून हे रूपांतर टाळता येत नाही.

[दृश्य: तक्त्यातील कार्बनची ओळ]

कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे १ u. ही व्याख्या १९६१ पासून सर्वमान्य झाली. त्याआधी भौतिकशास्त्रज्ञ ऑक्सिजन-१६ या एकाच समस्थानिकाला १६ मानत, तर रसायनशास्त्रज्ञ निसर्गातील मिश्र ऑक्सिजनला १६ मानत, आणि त्यामुळे एकाच अणूला दोन किंचित वेगळे आकडे मिळत. आज बारा ग्रॅम कार्बन-१२ मध्ये सुमारे ६.०२२१४ × १०²³ अणू असतात आणि त्यातील प्रत्येक अणू १२ u चा असतो, यावरून एका ग्रॅममध्ये तितकेच, म्हणजे ६.०२२१४ × १०²³ u असतात. १ भागिले हा आकडा केला की १.६६०५४ × १०⁻²⁴ ग्रॅम मिळतात, आणि किलोग्रॅममध्ये १.६६०५४ × १०⁻²⁷. घात −२४ आणि −२७ यांच्यातील फरक एवढाच आहे, पण या प्रश्नात सर्वाधिक उत्तरे इथेच बिघडतात.

[दृश्य: वहीवर चालणारा हात, ओळीमागून ओळ]

आता मुख्य पायरी पाहू. बंधाच्या कंपनात दोन्ही अणू हलतात, म्हणून एका अणूचे वस्तुमान न घेता दोन्हींचे मिळून एक वस्तुमान घ्यावे लागते, ज्याला वर्गात रिड्यूस्ड मास म्हणतात: दोन वस्तुमानांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज. हायड्रोजनचे १.००७८३ u, क्लोरीन-३५ चे ३४.९६८८५ u. गुणाकार ३५.२४२७ येतो, बेरीज ३५.९७६७ येते, आणि भागाकार ०.९७९६ u. वर u चा वर्ग होता, खाली u होता, म्हणून एकच u उरला; म्हणून रूपांतरही एकदाच. ०.९७९६ ला १.६६०५४ × १०⁻²⁷ ने गुणले की १.६२६७ × १०⁻²⁷ किलोग्रॅम मिळतात.

माझ्या मते हाच क्रम शिकवला गेला पाहिजे: बीजगणित u मध्ये पूर्ण करावे आणि किलोग्रॅम शेवटी आणावा. आधीच रूपांतर केले तर अंशात १०⁻⁵² च्या आसपासचा आकडा येतो आणि छेद u मध्येच राहून जाण्याची शक्यता वाढते. काही जण तर रूपांतराचा गुणक दोनदा लावतात.

[दृश्य: वर्णपटाची पट्टी, संगणकाच्या पडद्यावर]

प्रकाशाचा वेग २.९९८ × १०¹⁰ सेंटीमीटर प्रति सेकंद घेऊन तरंगांकाला त्या वेगाने आणि २π ने गुणल्यास कोनीय वारंवारता ५.४३६ × १०¹⁴ प्रति सेकंद येते. तिचा वर्ग रिड्यूस्ड मासने गुणला की बलस्थिरांक ४८१ न्यूटन प्रति मीटर मिळतो. एकेरी बंधाचे बलस्थिरांक सामान्यतः काही शेकड्यांत असतात, म्हणून हे उत्तर पटते. ग्रॅमचा आकडा बसवला असता ४,८१,००० आले असते. कार्बन मोनॉक्साइडच्या बळकट त्रिबंधाचाही बलस्थिरांक सुमारे १,९०० असतो, त्यामुळे ही चूक उत्तर पाहताच पकडता येते. गुणक दोनदा लावला तर उत्तर १०⁻²⁴ च्या आसपास जाते, आणि तीही चूक लपत नाही.

[दृश्य: एकाच शिखराचे दोन टोक, मोठे करून]

प्रत्येक शिखराला दोन टोके आहेत. उंच टोक क्लोरीन-३५ चे, त्याच्या सुमारे तृतीयांश उंचीचे टोक क्लोरीन-३७ चे. क्लोरीन-३७ घेतल्यास रिड्यूस्ड मास ०.९८११ u होतो. दोन्हींच्या गुणोत्तराचे वर्गमूळ काढून त्याने २८८६ ला गुणले आणि फरक घेतला की दोन टोकांमध्ये सुमारे २ प्रति सेंटीमीटरचे अंतर मिळते, आणि पडद्यावरही तेवढेच दिसते. या गुणोत्तरात u आपोआप कटतो, किलोग्रॅमची गरजच पडत नाही. मात्र तक्त्यातील ३५.४५ हे क्लोरीनचे सरासरी वस्तुमान उचलले तर बलस्थिरांक पुन्हा ४८१ च येतो, चूक कुठेही दिसत नाही, आणि ही दोन टोके मात्र गणितातून कधीच निघत नाहीत.